एफडीआय टिकाऊ आणि एफपीआय पळपुटं – हे नेमकं कशावरून?

मुक्ता_वाई
मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. दरवर्षी फळ्यावर तेच वाक्य लिहिते: थेट परकीय गुंतवणूक, म्हणजे एफडीआय, स्थिर; पोर्टफोलिओ गुंतवणूक, म्हणजे शेअर-रोख्यांत येणारा परकीय पैसा, एफपीआय, अस्थिर. मुलं उतरवून घेतात, मी पुढे जाते. परवा मात्र मावळातल्या एका मुलाने अडवलं. म्हणाला, "मॅडम, आमच्या इथला अमेरिकन कंपनीचा गाड्यांचा कारखाना बंद पडला. शेअर बाजारात मात्र परकीय पैसा अजून आहे. मग टिकाऊ कोणतं?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मलाच उत्तर आलं नाही. "कारखाना उचलून नेता येत नाही" एवढ्यावर त्याचं समाधान होणार नाही. इथे बँकेतले, बाजारातले लोक आहेत म्हणून विचारते.

निफ्टी_नाना
यात अवघड काय आहे? एफआयआय म्हणजे परदेशी फंड, त्यांचा पैसा म्हणजे हॉट मनी. ऑक्टोबर २०२४ आठवा. एका महिन्यात त्यांनी ९४ हजार कोटींचे शेअर विकले आणि निफ्टी ६ टक्क्यांनी खाली आला. बटण दाबलं की पैसा बाहेर. कारखान्याला बटण नसतं. विषय संपला.

जुना_डीलर
नाना, तुमचं निम्मं बरोबर आहे. पण तुमच्याच उदाहरणात एक गोष्ट बघा. ९४ हजार कोटी विकले, पण विकले कोणाला? त्याच महिन्यात आपल्या म्युच्युअल फंडांनी आणि विमा कंपन्यांनी त्याहून जास्त खरेदी केली. शेअरचा भाव पडला, काही लोकांचं नुकसान झालं, पण देशावर संकट आलं का? नाही आलं. तेव्हा नुसतं "विकतात म्हणून वाईट" हे उत्तर पुरत नाही.

मुक्ताताई, मी एका सरकारी बँकेच्या ट्रेझरीतून निवृत्त झालो. २०१३ च्या उन्हाळ्यात मी मुंबईत डॉलर-रुपयाच्या डेस्कवर होतो. तुमच्या प्रश्नासाठी त्या तीन महिन्यांइतकं चांगलं उदाहरण नाही.

आधीची परिस्थिती अशी. २०१२-१३ मध्ये चालू खात्यावरची तूट ८८ अब्ज डॉलर झाली होती, म्हणजे जीडीपीच्या ४.८ टक्के. तेल आणि सोनं घेण्यात आपण जेवढे डॉलर घालवत होतो तेवढे कमावत नव्हतो. हा खड्डा दरवर्षी बाहेरच्या पैशाने भरायचा. त्या वर्षी एफडीआयचे निव्वळ २० अब्जांच्या आसपास आले, पोर्टफोलिओचे २७ च्या आसपास, बाकी कर्जं आणि अनिवासींच्या ठेवी. खड्डा भरत होता म्हणून कोणी फार काळजी करत नव्हतं.

२२ मे २०१३ ला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बर्नान्के तिकडच्या संसदीय समितीपुढे म्हणाले की रोखेखरेदी पुढे हळूहळू कमी करू. कमी केली नव्हती, करू शकतो एवढंच म्हणाले, पण जगभर फिरणारा स्वस्त डॉलर आटणार हे बाजाराला कळलं. तेव्हा रुपया ५५ च्या जरा वर होता. २८ ऑगस्टला आमच्या पडद्यावर ६८.८० दिसला. त्या दिवशी डीलिंगरूममध्ये कोणी जेवायला उठलं नाही. संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने तेल कंपन्यांना बाजारात न पाठवता थेट डॉलर द्यायचं जाहीर केलं, तेव्हा कुठे श्वास घेतला.

आता मुद्दा. तेव्हा पळाले ते मुख्यतः शेअरवाले नव्हते, रोख्यांवाले होते. शेअरांत तर २०१३ हे पूर्ण वर्ष धरलं तर परदेशी पैसा वाढलाच. रोखेवाले का पळाले ते हिशोबाने सांगतो, थोडा वेळ द्या, जेवून येतो.

एसआयपी_वाली_रमा
म्हणजे आता फंडातले पैसे काढून ठेवू का? माझे तीन एसआयपी चालू आहेत.

मुक्ता_वाई
रमाताई, तो विषय वेगळा आहे हो. काका, जेवण झालं की लिहा. मी वही घेऊन बसलेय.

जुना_डीलर
झालं जेवण. तर समजा एका परदेशी फंडाने मे महिन्यात १ कोटी डॉलर आणले. ५५ च्या भावाने त्याचे ५५ कोटी रुपये झाले. त्याने सव्वासात टक्क्यांच्या आसपासचा दहा वर्षांचा सरकारी रोखा घेतला. तीन महिन्यांचं व्याज झालं साधारण १ कोटी रुपये.

ऑगस्टमध्ये काय झालं? रोख्यांवरचा परतावा ९ टक्क्यांच्या वर गेला. नवा रोखा ९ देत असताना जुना सव्वासातचा कोण १०० ला घेईल? तो ८७ च्या आसपास आला. म्हणजे ५५ कोटींचे ४८ कोटी. अधिक व्याज १ कोटी, झाले ४९. आता हे ६८ च्या भावाने डॉलरमध्ये करा. ७२ लाख डॉलर. १ कोटी घेऊन आलेला माणूस तीन महिन्यांत २८ लाख डॉलर गमावून बसला, आणि भारत सरकारने त्याचा एक पैसा बुडवला नव्हता.

पण जो जूनच्या पहिल्या आठवड्यात विकून गेला त्याचं नुकसान फारच थोडं. म्हणून सगळ्यांनाच पहिलं जायचं असतं. एक गेला की रुपया पडतो, रुपया पडला की मागच्याचा तोटा वाढतो, म्हणून तोही निघतो. देश चांगला की वाईट हा विचार त्यात कुठे येतच नाही. रांगेत आपला नंबर कितवा, एवढंच.

आता तेच १ कोटी डॉलर घेऊन कोणी चाकणला पत्र्याचे भाग बनवणारं प्रेसशॉप टाकलं असतं, तर? रुपया ६८ झाला म्हणून तो काय करेल? प्रेस विकून रुपयांचे डॉलर करायचे तर आज सगळ्यात वाईट भाव मिळणार. उलट निर्यात करत असेल तर त्याला बरंच झालं, डॉलरमागे जास्त रुपये आले. त्याला रांगच नाही, म्हणून पळण्याचं कारणही नाही. २०१३-१४ चे आकडे बघा: पोर्टफोलिओचा निव्वळ ओघ २७ अब्जांवरून ५ अब्जांच्या आत आला. एफडीआय मात्र २० चा साधारण साडेएकवीस झाला. एकच देश, एकच धक्का.

शलाका_सिंगापूर
काकांनी फंडाची बाजू छान मांडली. मी इथे फंडांच्या हिशोबाच्या कामात आहे, आतून एक गोष्ट सांगते.

लोकांना वाटतं की सिंगापूरमध्ये कोणीतरी बसून "भारत नको" असं ठरवतो. बऱ्याचदा तसं काही ठरतच नाही. फंडात पैसे घातलेले असतात पेन्शनवाल्यांनी, विमा कंपन्यांनी, श्रीमंत घराण्यांनी. त्यांनी पैसे परत मागितले की आम्हाला ठरलेल्या दिवसांत द्यावे लागतात. मार्च २०२० मध्ये सकाळी संगणक उघडला की पैसे परत मागणाऱ्यांची यादीच. मग मॅनेजर बघतो की लगेच काय विकलं जाईल. आणि भारताचा बाजार त्यात वरच असतो, कारण तो मोठा आहे, रोज भरपूर सौदे होतात. त्या एका महिन्यात भारतातल्या शेअरांतून ६२ हजार कोटींच्या आसपास गेले आणि रोख्यांतून जवळपास तेवढेच. भारताने तेव्हा काहीही चुकीचं केलं नव्हतं. ज्या बाजारात विकणं सोपं, तिथे आधी विक्री होते. वाईट वाटतं ऐकायला, पण हे असंच चालतं.

त्यामुळे मुक्ताताई, वर्गात मुलांना सांगाल तर असं सांगा की पैसा पळपुटा नसतो, त्याच्यामागे कोणीतरी परत मागणारा बसलेला असतो. कारखाना टाकणाऱ्या कंपनीच्या भागधारकाने शेअर विकला तर तो दुसरा भागधारक घेतो. त्यासाठी चाकणची प्रेस विकावी लागत नाही.

भोसरीचा_भाऊ
सगळं वाचलं. मला एवढंच विचारायचंय की टिकाऊ कोणासाठी?

माझं भोसरीला छोटं युनिट आहे, पत्र्याचे भाग ठोकतो. काही वर्षांपूर्वी आमचा सत्तर टक्के माल एकाच विदेशी कंपनीला जायचा. नाव घेत नाही. त्यांच्याच सांगण्यावरून मी कर्ज काढून दोनशे टनी प्रेस घेतली, त्यांच्याच डाय, म्हणजे साचे, ठेवायला शेड वाढवली. दर महिन्याला शेड्यूल यायचं. एक महिना शेड्यूल निम्मं आलं. मग पाव. मग एक मेल आली की हे मॉडेल बंद, डाय परत पाठवा. डाय त्यांच्या मालकीच्या, त्या गेल्या. प्रेस माझ्या मालकीची, ती राहिली, हप्त्यांसकट. बारा पोरं होती, सात घरी पाठवली.

देशाच्या वहीत ती गुंतवणूक त्या दिवशीही टिकाऊच दिसत असणार. इमारत उभी होती ना.

निफ्टी_नाना
भाऊ, वाईट वाटलं. पण तो धंद्याचा धोका झाला. एफडीआयचा काय दोष?

जुना_डीलर
नाना, दोषाचा प्रश्न नाही. भाऊंनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. एफडीआय "स्थिर" म्हणतात ते डॉलरच्या हिशोबात. रोजगाराची हमी त्यात कुठेच नाही.

मुक्ताताईंच्या विद्यार्थ्याचा कारखाना मला वाटतं तळेगावचा जनरल मोटर्सचा. तो २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की भारतात गाड्या विकणं थांबवतोय. गुजरातेतला हालोलचा कारखाना चिनी कंपनीकडे गेला, तिथे पुढे एमजीच्या गाड्या निघू लागल्या. तळेगावात निर्यातीसाठी काम चालू राहिलं, ते डिसेंबर २०२० मध्ये थांबलं. विकायचा प्रयत्न आधीच सुरू होता. जानेवारी २०२० मध्ये ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी ठरलंही. पण एप्रिल २०२० मध्ये सरकारने नियम केला की जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी मंजुरी हवी. ती मिळाली नाही. जून २०२२ मध्ये तो करार मुदत संपून बाद झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ताबा गेला.

आता हे २०१३ च्या शेजारी ठेवा. रोखेवाल्याला जायचं होतं, तो तीन दिवसांत गेला. इथे जगातल्या बड्या कंपन्यांपैकी एक, जायचं म्हणून ठरवून बसलेली, तिला शेवटचा कारखाना हातावेगळा करायला सहा वर्षांच्या वर लागली. आणि गेली तेव्हाही कारखाना गेला नाही, मालक बदलला. गेलेल्या मालकाचे डॉलर बाहेर गेले, पण नव्या मालकालाही पैसे ओतावे लागले.

मधल्या तीन वर्षांत मात्र तिथे लाइन बंद होती. कामगारांनी कोर्ट-कचेऱ्या केल्या. त्या तीन वर्षांत त्या मुलाच्या गावाने काय पाहिलं असेल ते चालू खात्याच्या तक्त्यात दिसत नाही. त्याचा प्रश्न रास्त आहे.

दुबईकर_दादा
जुने डीलर, २०१३ चं नाव काढलंत म्हणून लिहितो. आम्ही दुबईकर त्यात होतो! सप्टेंबरमध्ये रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि महिनाभरात मला बँकेतून फोन सुरू. डॉलरमध्ये तीन वर्षांची ठेव ठेवा, तुमच्याकडे थोडे असतील तर उरलेले आम्ही कर्ज देतो. मी म्हटलं, माझेच पैसे माझ्याकडे नाहीत आणि तुम्ही कर्ज देऊन ठेव घेता? पण व्याजाचा फरक मिळत होता, ठेवली. मग हे एफडीआय की एफपीआय?

जुना_डीलर
दादा, दोन्ही नाही, ते अनिवासी ठेवींत मोजतात. पण सांगितलंत ते बरं केलं. बँकांना ते डॉलर रिझर्व्ह बँकेकडे साडेतीन टक्के ठरलेल्या दराने बदलून मिळत होते. रुपया पडण्यापासूनचं तेच संरक्षण बाजारात बरंच महाग होतं. फरक रिझर्व्ह बँकेने सोसला. नोव्हेंबरअखेरपर्यंत त्या खिडकीतून २६ अब्ज डॉलरच्या आसपास आले. पोर्टफोलिओने पाडलेलं भगदाड तुमच्यासारख्यांच्या ठेवींनी बुजवलं, आणि त्याची किंमत मोजावी लागली.

आकडेमोड
धागा चांगला चाललाय, पण जुने डीलर २०१३ मध्ये अडकलेत असं मला वाटतं. मी परकीय गुंतवणुकीच्या आकड्यांवरच काम करतो. आजचं चित्र वेगळं आहे.

२०२४-२५ मध्ये एकूण एफडीआय आला सुमारे ८१ अब्ज डॉलर. वर्तमानपत्रांत हाच आकडा येतो. पण त्याच वर्षी आधीच्या गुंतवणूकदारांनी ५१ अब्जांहून अधिक परत नेले आणि आपल्या कंपन्यांनी बाहेर २९ च्या आसपास गुंतवले. रिझर्व्ह बँकेने मे २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यांत निव्वळ उरले अर्धा अब्जसुद्धा नाही. टिकाऊ पैसा तो हा?

आणि हे पैसे गेले कसे, तेही बघा. ह्युंदाईचंच घ्या, तळेगाव घेणारी. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्या भारतीय कंपनीचा आयपीओ आला, सुमारे २७,८७० कोटींचा. एकही नवा शेअर नव्हता. कोरियातल्या मूळ कंपनीने आपला साडेसतरा टक्के हिस्सा विकला, पैसे तिकडे गेले. घेणाऱ्यांत आपले फंड होते आणि परदेशी फंडही होते. म्हणजे जो हिस्सा काल एफडीआय म्हणून वहीत होता, त्यातला काही भाग आज पोर्टफोलिओ म्हणून बसला. कारखाना तोच, गाड्या त्याच.

रेषाही तशी कागदीच आहे. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीत परदेशी फंडाचा हिस्सा १० टक्क्यांच्या आत असेल तर पोर्टफोलिओ. तो ओलांडला तर ठरावीक दिवसांत जादा शेअर विका, नाहीतर एफडीआय म्हणून नोंद करून घ्या. ९.९ टक्केवाला पळपुटा आणि १०.१ वाला स्थिर, असं थोडंच असतं? शिवाय सूचीबद्ध नसलेल्या कंपनीत एका टक्क्याचीही गुंतवणूक एफडीआय धरतात. स्टार्टअपमध्ये पैसे घालणारे फंड पहिल्या दिवसापासून बाहेर कधी पडायचं ते ठरवून येतात. तेही एफडीआयच.

निफ्टी_नाना
अरे बापरे. मग मी बरोबर की चूक?

आकडेमोड
नाना, २०१३ साठी बरोबर.

जुना_डीलर
आकडेमोड, तुमचे आकडे मान्य. रेषेचंही मान्य, नावावरून स्वभाव ठरत नाही. कारखान्याची मूळ कंपनी आपल्याच उपकंपनीला कर्ज देते, तेही एफडीआयमध्ये मोजलं जातं. ते कर्ज वेळेआधी परत मागवणं प्रेस विकण्याइतकं अवघड नसतं. तिथे मला नेहमी शंका असते.

पण एक गोष्ट मला सोडवत नाही. ह्युंदाईने विकलं कधी? त्या महिन्यात घसरण असली तरी बाजार चढलेलाच होता तेव्हा. रुपया तेव्हा कोसळत नव्हता, विकत घ्यायला माणसं होती. एफडीआयवाला नफा झाला की, भाव चांगला असला की विकतो. रोखेवाला घर पेटलं की पळतो. दोघेही पैसे नेतात, पण देशाला डॉलरची चणचण असते तेव्हा नेणारा वेगळा आणि सुबत्तेत नेणारा वेगळा. मला डेस्कवर बसून भीती वाटायची ती पहिल्याची.

आकडेमोड
हा फरक बरोबर आहे. पण पुढच्या संकटात एफडीआयवाले असेच वागतील याची खात्री नाही, कारण २०१३ मध्ये त्यांना विकायला एवढा मोठा शेअर बाजार नव्हता. आता आहे. दार रुंद झालंय. २०१३ मधला कारखानदार थांबला तो स्वभावाने की दार अरुंद होतं म्हणून?

जुना_डीलर
दार अरुंद होतं म्हणून. पण दार रुंद झालं म्हणजे पलीकडे घेणारा उभा आहेच असं नाही. कोसळत्या बाजारात २७ हजार कोटींचा आयपीओ कोणी काढून दाखवावा. यावर आपलं एकमत होणार नाही, राहू दे.

शलाका_सिंगापूर
मला आकडेमोड यांचं पटतंय, पण थोडंच. भारताचे सरकारी रोखे जून २०२४ पासून जेपी मॉर्गनच्या रोखे निर्देशांकात आले, तो पाळणारे फंड ते घेतात, त्यामुळे रोख्यांतला परदेशी पैसा वाढलाय. जुना २०१३ चा धोका गेलेला नाही, त्याला नवीन दार मिळालंय.

मुक्ता_वाई
सगळ्यांचे आभार. आज वर्गात काकांचा १ कोटी डॉलरचा हिशोब फळ्यावर सोडवला. ७२ लाख आले तेव्हा मागच्या बाकावरची दोन पोरं पहिल्यांदा पुढे येऊन बसली. मग तळेगावच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या. भाऊंच्या प्रेसची गोष्टही नाव न घेता सांगितली.

त्या मुलाने पुन्हा अडवलंच. "मॅडम, कारखाना विकला म्हणता, पण खालची जमीन आमच्या लोकांची होती. ती आता कोणाची?" याचं उत्तर आहे का कोणाकडे?

भोसरीचा_भाऊ
एमआयडीसीची. कंपनीला ती ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळते, विकत नाही. कारखाना दुसऱ्याला द्यायचा तर एमआयडीसीची परवानगी आणि हस्तांतरणाचे पैसे. माझा छोटा प्लॉट आहे म्हणून माहीत. त्या वेळी त्यांच्या लोकांना काय मोबदला मिळाला ते मात्र पोराला घरीच विचारायला सांगा.